दोनशे पाच श्लोक, पत्रकाचं एक पान

दासनवमीला, म्हणजे माघ वद्य नवमीला, अनेक ठिकाणी ‘मनाचे श्लोक’ सलग म्हटले जातात. देवळात म्हणणाऱ्यांना ते पाठ असतात, त्यामुळे तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पण हाच कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा परगावच्या महाराष्ट्र मंडळात ठेवला, की समोर वेगळी माणसं बसतात. कुणी शाळेत पाच-दहा श्लोक पाठ केले आणि पुढे विसरले. कुणी शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून आलेलं असतं. मराठी घरात बोलणारी पण जुनं मराठी कधीच न वाचलेली मुलंही असतात. दारात हातात दिलेलं पत्रक या मंडळींसाठी असतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात ते वाचून व्हायला हवं. ए-फोर कागद मधोमध दुमडला तर आतलं एक पान सारांशाला मिळतं, आणि मोठ्या अक्षरात त्या पानावर सव्वाशे ते दीडशे शब्द बसतात.

दोनशे पाच श्लोक आणि दीडशे शब्द, म्हणजे एका श्लोकाला एक शब्दही धड येत नाही. हा हिशेब आधी मांडला की श्लोकांमागून श्लोकांचा अर्थ देत जायचा मोह तिथेच संपतो. मग खरा प्रश्न उरतो: पुढचा तासभर हे ऐकणाऱ्या नवख्या माणसाला नेमकं काय कळलं असलं की तो वाट चुकणार नाही?

वाट चुकण्याची भीती इथे खरी आहे, आणि ती या रचनेच्या घडणीतच आहे. सगळे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरं, ठेका एकच, आणि तो दोनशे पाच वेळा तसाच येतो. पाठ करणाऱ्याला हा ठेका हात धरून पुढे नेतो. अर्थ न कळणाऱ्याला मात्र पंधराव्या श्लोकानंतर सगळे श्लोक सारखेच वाटू लागतात. शिवाय यात कथा नाही. रामायणाच्या पारायणात वनवास संपला, लंका आली, असं ऐकणाऱ्याला आपोआप समजतं. इथे विषय बदलल्याची तशी खूण मिळत नाही. ती खूण पत्रकाने द्यायची असते.

अशा पत्रकांवर नेहमी दिसणारा मजकूर दोन तऱ्हेचा असतो. पहिल्या तऱ्हेत ‘समर्थांच्या अलौकिक प्रतिभेचा आविष्कार’, ‘भक्ती, ज्ञान आणि वैराग्य यांचा त्रिवेणी संगम’, ‘मानवी जीवनाला दिशा देणारा दीपस्तंभ’ अशी वाक्यं असतात. त्यांत आदर आहे, तो खोटाही नाही. पण हीच वाक्यं दासबोधाच्या पत्रकावर छापा, एकनाथी भागवताच्या पत्रकावर छापा, काहीच बिघडत नाही. ती वाचून या रचनेबद्दल एकही गोष्ट कळलेली नसते. सारांश पडताळायचा एक सोपा उपाय म्हणजे त्यातलं रचनेचं नाव झाकायचं. उरलेल्या ओळींवरून ती कुठली रचना ते जाणकाराला ओळखता आलं, तर सारांश कामाचा.

दुसरी तऱ्हा अलीकडची आहे. तरुण मंडळी यावीत म्हणून ‘मन शांत ठेवण्याची सूत्रं’, ‘ताणमुक्तीचा मंत्र’, ‘सकारात्मक विचारांची चारशे वर्षांपूर्वीची शिकवण’ असं लिहितात. हेतू चांगला असतो, पण त्यातून राम बाहेर काढला जातो. मग ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच श्लोकात राघवाचं नाव येतं आणि पुढे तासभर येतच राहतं. त्याला पत्रकात सांगितलं एक आणि कानावर पडतंय दुसरंच. शिवाय या श्लोकांत मरणाबद्दल इतकं रोखठोक बोललं आहे की त्याला सुखावणारी शिकवण म्हणणं त्या कवीवर अन्याय करणारं आहे. भक्तिकाव्याचा सारांश लिहिणाऱ्याने देव वगळू नये. आपली श्रद्धा असो वा नसो, कवीचं सारं बोलणं ज्याच्या भरवशावर उभं आहे त्याचं नाव सारांशात यायलाच हवं.

लिहायला बसण्याआधी एक काम करायचं. छापील प्रत घ्यायची, श्लोक मोठ्याने म्हणायचे आणि शिसपेन्सिलीने समासात फक्त दोन गोष्टी नोंदवायच्या. पहिली, या श्लोकात कवी मनाला काय कर किंवा काय करू नकोस असं सांगतो ते क्रियापद. दुसरी, चौथा चरण आधीच्या श्लोकासारखाच आहे का. ही दुसरी नोंद सोन्यासारखी आहे. मनाच्या श्लोकांत कितीतरी ठिकाणी सलग पाच, सात, दहा श्लोक एकाच चरणाने संपतात. अठ्ठाविसाव्या श्लोकापासून एक ओळ अशी पुन्हा पुन्हा येते. तिचा भाव असा, की राम आपल्या दासाची उपेक्षा करत नाही. सत्तेचाळीसपासून दहा श्लोक देवाचा खरा सेवक कुणाला म्हणावं ते सांगतात आणि प्रत्येक वेळी त्याला धन्य म्हणून थांबतात. सदुसष्टपासून सकाळी रामाचं चिंतन करण्याची ओळ येते. शंभरीच्या पुढे वाद वाढवणाऱ्या बोलण्यापेक्षा वाद मिटवणारा संवाद हिताचा, हे घोळवून सांगितलं आहे. एकशेसोळापासून पुन्हा ‘देव भक्ताला टाकत नाही’ हाच दिलासा येतो, फक्त आता अंबरीष, ध्रुव, गजेंद्र आणि दशावतार यांचे दाखले देऊन. एकशेसदतीसच्या सुमारास बापजाद्यांनी पुरून ठेवलेलं धन मीपणामुळे सापडत नाही, ही ओळ येते.

जिथे चरण परत येतो तिथे समासात कंस काढत गेलं, की शेवटी हातात असे आठ-दहा कंस उरतात. हे कवीनेच मारलेले अधोरेखांचे फटकारे आहेत. कुठला श्लोक महत्त्वाचा आणि कुठला नाही हा निवाडा आपण करण्यापेक्षा, कवी स्वतः कुठे रेंगाळला ते पाहावं. सारांश लिहिणाऱ्याची आवडनिवड त्यामुळे बरीच आटोक्यात राहते. मला स्वतःला एकशेऐंशीच्या आसपासचे खोट्या गुरूबद्दलचे श्लोक फार आवडतात. मंत्रतंत्र दाखवणारा, पैशावर डोळा असलेला माणूस गुरू नव्हे, असं समर्थ तिथे कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात. आजच्या श्रोत्याला ते लगेच भिडेल, हेही खरं. पण संपूर्ण रचनेत त्यांची जागा चार-पाच श्लोकांची आहे. दीडशे शब्दांत त्यांना एक वाक्य दिलं तर नवख्या माणसाला वाटेल की हा कार्यक्रम भोंदूबाबांविरुद्ध आहे. म्हणून ते श्लोक निवेदकाच्या तोंडी ठेवावेत, पत्रकात नकोत.

कंस आणि क्रियापदं समोर ठेवली की रचनेची चाल दिसू लागते. गणपती आणि शारदेला वंदन करून कवी लगेच मनाकडे वळतो, आणि त्याला रागावून बोलत नाही. भल्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. वाईट वासना सोड, राग सोड, दुसऱ्याचं धन नको, नीच माणसाचं बोलणं सोसायला शीक, स्वतः नम्रपणे बोल. मग मरणाचा विषय येतो: एक जातो, त्याच्यासाठी दुसरा रडतो आणि थोड्या दिवसांत तोही जातो. या भीतीवर उतारा म्हणून रामाचा दिलासा येतो. त्यानंतर सेवक कसा असावा, सकाळ कशी सुरू करावी, नाम का घ्यावं, बोलण्याप्रमाणे कृती का हवी, सज्जनांच्या संगतीत का राहावं. आणि साधारण शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात बोलण्याचा रोखच बदलतो. आता कोदंडधारी, सावळा राम मागे राहतो. ज्याला रूप नाही, जो सगळीकडे आहे आणि जो ‘मी’च्या आड लपला आहे, त्याचा शोध सुरू होतो.

हे वळण पत्रकात सांगितलंच पाहिजे, कारण श्रोते इथेच गळतात. पहिले शंभरएक श्लोक निदान तुकड्या-तुकड्यांनी कळत असतात. पुढे परब्रह्म, पंचभूतं, दृश्य आणि द्रष्टा असे विषय येतात आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. ‘हा भाग अवघड आहे’ असं पत्रकात आधीच लिहिलं, तर तो न कळणं हा आपला उणेपणा आहे असं कुणाला वाटत नाही आणि माणूस बसून राहतो.

आता प्रत्यक्ष वाक्यं. पहिल्या वाक्यात कोण कुणाशी बोलतोय ते हवं. ‘मनाचे श्लोक हा समर्थ रामदासांचा लोकप्रिय ग्रंथ आहे’ या वाक्यातून ते कळत नाही. त्याऐवजी: ‘मनाचे श्लोक म्हणजे समर्थ रामदासांनी मनाशी केलेलं बोलणं.’ कुणाच्या मनाशी? स्वतःच्या, की ऐकणाऱ्याच्या? रचनेत दोन्ही आहे, म्हणून तेही घालावं. दुसऱ्या वाक्याची गरज मला एका शाळकरी मुलीमुळे कळली. पत्रकाचा कच्चा मजकूर वाचून तिने विचारलं, ‘‘मग रामाची गोष्ट कधी सुरू होते?’’ रामाचं नाव दिसलं की कथा असणार, ही तिची अपेक्षा अगदी रास्त होती. अहल्या, बिभीषण यांचे उल्लेख येतात खरे, पण ते दाखल्यापुरते. म्हणून दुसरं वाक्य: ‘यात रामाची गोष्ट नाही.’ काय नाही हे सांगणारं एक वाक्य पुष्कळदा काय आहे हे सांगणाऱ्या तीन वाक्यांइतकं काम करतं.

पुढच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘कवी’ ठेवायचा. ‘राम आपल्या भक्ताला कधीच टाकत नाही’ असं थेट छापलं, की ते आयोजकांचं विधान होतं. ‘राम आपल्या माणसाला टाकत नाही, असा धीर कवी देतो’ असं म्हटलं, की ते रचनेचं वर्णन होतं. श्रद्धावान माणसाला यात काही खटकत नाही, आणि नुसतंच ऐकायला आलेल्यालाही आपल्यावर काही लादलं जातंय असं वाटत नाही. फलश्रुतीच्या बाबतीत तर ही काळजी फारच लागते. दोनशे पाचव्या श्लोकात ऐकल्याचं फळ सांगितलं आहे: दोष जातात, मंद बुद्धीचाही साधनेला लायक होतो, अंगी ज्ञान, वैराग्य आणि सामर्थ्य येतं. मंडळातल्या एका आजींचा आग्रह होता की फलश्रुती पत्रकात हवीच, तिच्याशिवाय पाठ पुरा कसा होईल? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. परंपरेत फलश्रुती हा पाठाचाच भाग असतो. पण ‘हे ऐकल्याने आपले दोष नाहीसे होतील’ असं छापलं तर ती औषधाची जाहिरात वाटते. ‘शेवटच्या श्लोकात कवी ऐकल्याचं फळ सांगतो’ एवढं लिहिलं आणि आजींचंही समाधान झालं.

शब्द निवडताना पंथाची परिभाषा गाळावी लागते. निर्गुण, सायुज्यता, देहबुद्धी, संकल्प-विकल्प हे शब्द जाणकाराला एका दमात खूप काही सांगतात. नवख्याला ते एकामागून एक बंद दारं लागल्यासारखे वाटतात. ‘देहबुद्धी सोड’ याऐवजी ‘मीपणा सोड’ म्हटलं तर अर्थाचा थोडा भाग निसटतो, हे मान्य करून पुढे जावं. मात्र ‘राम’ आणि ‘नाम’ हे दोन शब्द बदलायचे नाहीत. ‘नाम’च्या जागी ‘ध्यान’ लिहिलं की वस्तूच बदलते, कारण समर्थ तोंडाने उच्चारायच्या नावाबद्दल बोलत आहेत, जेवतानासुद्धा घ्यायच्या नावाबद्दल.

श्लोक कसे रचले गेले याची परंपरेने आलेली हकीकत आहे. चाफळच्या रामनवमी उत्सवासाठी भिक्षेला जाताना शिष्यांनी दारोदार म्हणावेत म्हणून समर्थांनी ते सांगितले आणि कल्याणस्वामींनी उतरून घेतले, असं म्हणतात. गोष्ट सुंदर आहे, आणि दारात उभं राहून म्हणायला सोपे जावेत असे हे श्लोक खरोखरच आहेत. पण तिला चाळीस शब्द लागतात, आणि ती ऐकून पुढचं ऐकायला मदत होत नाही. जन्म जांबेचा, साल 1608, सज्जनगडावरचे अखेरचे दिवस, हेही तसंच. हा मजकूर मागच्या पानावर चालेल.

या सगळ्यातून गाळून आलेला मजकूर असा:

‘मनाचे श्लोक म्हणजे समर्थ रामदासांनी मनाशी केलेलं बोलणं, स्वतःच्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या. यात रामाची गोष्ट नाही. श्लोक 205 आहेत, सगळे एकाच चालीत. म्हणायला साधारण तासभर लागतो.

सुरुवातीला कवी मनाला समजावतो: राग सोड, हाव सोड, दुसऱ्याच्या पैशावर डोळा ठेवू नकोस, आपण मरणार आहोत हे विसरू नकोस. मग धीर देतो, की राम आपल्या माणसाला टाकत नाही. मधल्या भागात रोजचं वागणं येतं: सकाळी रामाची आठवण, तोंडी त्याचं नाम, बोलण्यासारखी कृती, चांगल्यांची सोबत. शेवटच्या सत्तरेक श्लोकांत कवी म्हणतो, की देव आपल्याजवळच आहे, मीपणामुळे तो दिसत नाही. हा भाग पहिल्यांदा ऐकताना अवघड वाटेल. शेवटच्या श्लोकात कवी ऐकल्याचं फळ सांगतो.

एकच ओळ अनेक श्लोकांच्या शेवटी पुन्हा आली, की तिच्याकडे लक्ष द्या. सगळे ‘जय जय रघुवीर समर्थ’ म्हणतील तेव्हा तुम्हीही म्हणा.’

शेवटची दोन वाक्यं सारांशात मोडत नाहीत, पण ती मी काढणार नाही. परत येणारी ओळ ही नवख्याला पकडता येण्याजोगी सगळ्यात सोपी गोष्ट आहे; तिसऱ्यांदा आली की ती तोंडात बसते आणि माणूस तेवढ्यापुरता म्हणणाऱ्यांत सामील होतो. आणि जयघोष कधी करायचा, आपण केला तर चालेल का, या संकोचात कितीतरी माणसं कार्यक्रमभर ओठ मिटून बसतात.

मजकूर छापायला देण्याआधी एकदा पारखून घ्यावा. ज्याने श्लोक कधी ऐकले नाहीत अशा कुणाला तरी तो वाचायला द्यायचा, मग कागद परत घ्यायचा आणि विचारायचं, काय आहे यात? ‘काहीतरी भक्तीचं आहे’ असं उत्तर आलं तर पुन्हा लिहायला बसावं. ‘तो मनाला समजावतोय, मग धीर देतोय, मग शेवटी देव आत शोध म्हणतोय’ असं आलं तर जमलं. दुसरी पारख उलट्या बाजूने: ज्याला श्लोक मुखोद्गत आहेत त्याला दाखवून विचारायचं, यात चुकीचं काय आहे? ‘काय राहिलं?’ असं विचारू नये, कारण राहिलेलं तर पुष्कळच असतं आणि प्रत्येक जाणकार आपला आवडता श्लोक सुचवणार. ‘चुकीचं काय’ याचं उत्तर मात्र नेमकं येतं. शेवटच्या भागाबद्दल आधी ‘इथे राम मागे पडतो’ असं वाक्य होतं. त्यावर एका जुन्या पाठकऱ्यांनी बोट ठेवलं, ‘‘राम मागे पडत नाही हो, त्याचं रूप मागे पडतं. नाव तर शेवटपर्यंत आहे.’’ ते वाक्य गेलं आणि ‘देव आपल्याजवळच आहे’ हे आलं.

वेळ कमी असला की पुष्कळदा पहिले पन्नास-साठ श्लोकच म्हटले जातात. तेव्हा हेच पत्रक तसंच वापरू नये. तेवढ्यात समजावणं येतं, मरण येतं, रामाचा धीर येतो आणि धन्य सेवकाचं वर्णन येतं. रोजच्या सकाळचा आणि आतल्या शोधाचा भाग ऐकायला मिळतच नाही. अशा वेळी मधली दोन-तीन वाक्यं काढून त्या जागी ‘आज पहिले साठ श्लोक म्हणणार आहोत; पुढच्या श्लोकांत नामाचा महिमा आणि देवाचा आतला शोध आहे’ एवढं लिहावं, आणि वेळेचा आकडा तासावरून वीस मिनिटांवर आणावा.